मदत हवी आहे: वहीत दुकान १०,१७४ रुपयांचं, भाऊ म्हणतो ६० लाखांचं

थोरला_लाईनवाला

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात चप्पल लाईनला आमचं लहान दुकान आहे. आण्णा २०२४ च्या मे महिन्यात गेले. मृत्युपत्र रजिस्टर केलेलं आहे, दुकान आणि धंदा दोघा भावांना निम्मा निम्मा. त्यावर वाद नाही. वाद आकड्यावर आहे.

मी बारावी झाल्यापासून, म्हणजे बावीस वर्षं, दुकानात बसतोय. धाकटा पुण्यात नोकरीला. त्याला दुकान नको, हिस्सा पैशात हवा. मी मार्च २०२४ चा ताळेबंद काढून त्याच्यापुढं ठेवला. दुकान १०,१७४. माल ४,६०,०००. येणं उधारी १,५०,०००. कारागीर आणि बँकेचं देणं १,८०,०००. शिल्लक ४,४०,१७४, त्याचे निम्मे २,२०,०८७. म्हटलं, वर थोडं घालून अडीच लाख देतो.

तो हसला. कागद परत माझ्याकडं सरकवत म्हणाला, "दादा, दहा हजारांत दुकान मिळत असेल तर मला चार दे." त्यानं एजंटला विचारलंय, तो ६० लाख सांगतो. म्हणजे ह्याला तीस!

पण मालाचं बोलणं निघालं तेव्हा मी म्हणालो की ४,६०,००० चा माल आता तेवढ्याचा नाही. शाहूपुरीतल्या गोडाऊनमध्ये २०१९ च्या पुराचं पाणी शिरलं होतं, त्यातल्या कापशी चपला आणि पायताणं अजून पडून आहेत, बुरशीनं काळी. तर हा म्हणतो, "वहीत आहे ते धर." आता बोला. ताळेबंद सीएनं सही केलेला आहे. तो खोटा कसा?

शेतकरी_गडी

आमच्याकडंही अगदी हेच झालं. लक्ष्मीपुरीत चुलत्याचं पागडीचं दुकान होतं, मालकानं निम्मी पागडी मागितली आणि तीन वर्षं कोर्ट. तुम्ही आधी मालकाची लेखी संमती घ्या.

थोरला_लाईनवाला

आमचं पागडीचं नाही दादा, मालकीचं आहे. १९९४ ला आण्णांनी २,४०,००० ला घेतलं.

रेकनर_राजा

एवढं कशाला भांडताय? रेडी रेकनर बघा, सरकारनं ठरवलेला तोच कायदेशीर बाजारभाव. एजंट काय, उद्या एक कोटी पण सांगेल.

जुना_मुनीम

एजंटबद्दल बरोबर, रेकनरबद्दल अर्धं बरोबर. मुद्रांक शुल्क कमीत कमी किती रकमेवर घ्यायचं, ह्यासाठी तो दर आहे. प्रत्यक्ष सौदा त्याच्या वरही होतो, कधी खालीही.

थोरले, तुमचा ताळेबंद खोटा नाही. तुम्ही त्याला भलताच प्रश्न विचारताय. दुकानाच्या इमारतीवर वर्षाला दहा टक्के घसारा, तोही मागच्या वर्षी उरलेल्या रकमेवर. २,४०,००० चे पहिल्या वर्षी २,१६,००० झाले, दहा वर्षांनी साधारण ८३,७००, आणि तीस वर्षांनी बरोबर तुमचे १०,१७४. त्यातली एक चूकही दिसते: जागेवर घसारा नसतो. तुमच्याकडं इमारतीच्या किमतीत जागेचा वाटाही धरलेला दिसतोय, म्हणून आकडा इतका खाली गेला. पण जागा वेगळी दाखवली असती तरी ती १९९४ च्याच भावात राहिली असती. आण्णांनी काय दिलं आणि करासाठी त्यातलं किती वजा करून झालं, एवढंच वही सांगते. शिवाजी चौकापासून चालत पाच मिनिटांवरचं शटर आज कितीला जाईल, हे तिला माहीतच नसतं.

मालाचं मात्र उलटं आहे, तिथं तुम्ही बरोबर. वहीतसुद्धा माल खरेदीच्या किमतीला किंवा विकून हाती येईल त्या किमतीला, जी कमी असेल तिला धरायचा असतो. २०१९ ची भिजलेली पायताणं अजून खरेदीच्या भावानं उभी असतील, तर मार्चअखेरीला कोणी गोडाऊनचं कुलूप उघडलेलंच नाही.

थोडक्यात, तुम्हाला दुकानाला वही आणि मालाला बाजार हवाय. धाकट्याला दुकानाला बाजार आणि मालाला वही. दोघंही हुशार आहात!

थोरला_लाईनवाला

काका, लागलं. पण मग आकडा काढायचा कसा?

जुना_मुनीम

एक तारीख ठरवा आणि सगळं त्या तारखेच्या बाजारानं धरा. दुकानासाठी एजंटला विचारू नका. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे, तिथून तुमच्या लाईनमधल्या दोन-तीन विक्रींची सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदीचा उतारा, काढा. तिच्यात मोबदला आणि बाजारभाव असे दोन वेगळे आकडे असतात. मोबदला म्हणजे कागदावर दिलेले पैसे, बाजारभाव म्हणजे रेकनरनं काढलेला. रोखीनं वर काही दिलं असेल तर ते मात्र तिथं दिसत नाही. दर चौरस फुटावर आणा, नाहीतर मोठं आणि लहान दुकान एकाच मापानं मोजाल. कोपऱ्याचं आहे की आतलं, तेही बघा. नाहीच जमलं तर नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल घ्या, फी दोघांनी निम्मी निम्मी.

समजा ४८ लाख आले. माल दोघांनी बसून मोजला, ३,७०,००० भरला. उधारीतली वसूल होण्यासारखी ९०,००० च निघाली. देणं मात्र पूर्ण वजा, १,८०,०००, कारण कारागीर जुना हिशेब विसरत नाही. राहिले ५०,८०,०००, निम्मे २५,४०,०००. तुमचे अडीच लाख नाहीत, त्याचे तीस लाखही नाहीत. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही काढा.

सुनंदा_र

पण बावीस वर्षांच्या कष्टांचं काय? त्यांनी पगार घेतला असता तर? ते ह्यात कुठं दिसत नाही.

जुना_मुनीम

दिसत नाही, ताई, आणि इमारतीची किंमत कमी धरून ते वसूलही करू नये. वेगळी ओळ लिहा, "दादाचं न घेतलेलं मानधन", आणि त्यावर उघड बोला. मात्र धाकटाही मग विचारेल की तू घरखर्च गल्ल्यातूनच चालवलास ना? आणि धंद्याचं नाव, ठरलेली गिऱ्हाइकं ह्यांनाही किंमत आहे म्हणेल. ती ओळ कुठल्या आकड्यावर थांबेल, हे मला बाहेरून सांगता येणार नाही.

थोरला_लाईनवाला

घरखर्च गल्ल्यातून गेला, खरं आहे. पण काका, पंचवीस लाख मी आणू कुठून? दुकान विकूनच द्यावे लागतील. आणि विकलं तर कर. मग कर वजा करून निम्मे करायला नकोत का?

जुना_मुनीम

तुम्ही विकणार नसाल तर तो म्हणेल, न भरलेला कर का वजा करू? तुम्ही म्हणाल, कधीतरी माझ्या पोरांच्या डोक्यावर येणारच. दोन्ही बाजूंत दम आहे. इथं मात्र तुमची वही परत कामाला येते: घसारा घेतलेली इमारत विकली की कराचं गणित साध्या जागेसारखं राहत नाही, तिथं हाच १०,१७४ चा आकडा उठून बसतो. किती पडेल ते सीएकडून लेखी घ्या, मगच भावापुढं बसा. आणि निम्मी मालकी त्याच्याकडं ठेवून त्याला भाडं देणं, हाही रस्ता आहे. धंदा तुमचा, भिंती दोघांच्या.

थोरला_लाईनवाला

काल रात्री फोन केला. भाड्याचं ऐकून तो गप्प झाला, नाही म्हणाला नाही. रविवारी माल मोजायला येतोय. गोडाऊनचं कुलूप तो येईपर्यंत उघडायचं नाही, अशी त्याची अट आहे. मी म्हटलं, येताना मास्क आण, आत वास आहे.

कराचं कोणाला अनुभवातून माहीत असेल तर लिहा. सीएनं सोमवारची वेळ दिलीय.