शब्द हवाय: ‘व्ह्यू-थ्रू रेट’ला मराठीत काय म्हणायचं?

शहापूरकर: कुंद्याच्या दुकानाची ४० सेकंदांची जाहिरात यूट्यूबवर चालवालोय, स्किप करता येणारी. मालकांना रिपोर्ट मराठीत पाहिजे. जाहिरात १०,००० वेळा दिसली, व्ह्यू-थ्रू रेट २० टक्के, सरासरी १६ सेकंद बघितली. मी लिहिलंय ‘पूर्ण पाहणाऱ्यांचं प्रमाण २० टक्के’ आणि ‘लोक १६व्या सेकंदाला कंटाळतात’. बरोबर काय?

निपाणीकर: पहिलं बरोबर वाटालंय, शेवटपर्यंत बघितलं तरच यूट्यूब व्ह्यू धरतंय.

वडगावची साडीवाली: माझ्या इरकलच्या जाहिरातीवर कुणी बोट लावलं नाही, पण दोन बायकांनी आठवड्यानं वेबसाइटवरून साड्या मागवल्या, तेच ना हे व्ह्यू-थ्रू?

खानापूरकर: ताई, ते व्ह्यू-थ्रू कन्व्हर्जन, नाव जवळचं पण हिशोब वेगळा, इथं खरेदी मोजतच नाहीत. निपाणीकर, जाहिरात ३० सेकंदांपेक्षा लहान असेल तर तुमचं खरं, पण ४० सेकंदांची असली तर ३० सेकंद बघितलं की व्ह्यू धरला, आणि त्याआधी कुणी क्लिक केलं तरी धरला. म्हणून ‘पूर्ण’ हा शब्द काढा. ‘टिकून पाहणाऱ्यांचं प्रमाण’ लिहा आणि कितव्या सेकंदापर्यंत ते शेजारी लिहा, कारण फेसबुकच्या थ्रूप्लेत १५ सेकंदच पुरतात, दोन्हीकडचे आकडे एका रांगेत मांडले तर मालक फसतील.

आता ते १६ सेकंद. तुमचा आलेख टाका की, कुठं पडतोय ते बघू.

शहापूरकर: साधारण ६,००० जण सहाव्या सेकंदाच्या आसपास गेले, २,००० चोविसाव्याला, उरलेले २,००० शेवटपर्यंत.

खानापूरकर: मग बघा, सोळाव्याला कुणीच उठलं नाही! सहाव्याला उठलेले, चोविसाव्याला उठलेले आणि चाळीस सेकंद बसलेले एकत्र भागले की साधारण १६ येतंय, त्यावरून मधला शॉट कापाल तर चांगलाच शॉट जाईल. सहाव्याची गळती स्किपचं बटण पाचव्या सेकंदाला येतंय म्हणून सगळ्यांचीच होते, त्यात तुमच्या चित्रीकरणाचा दोष किती हे एका जाहिरातीवरून कळत नाही. चोविसाव्याला काय आहे?

शहापूरकर: तिथं कढई संपून पत्ता आणि फोन नंबर येतोय, सहा सेकंद नुसती पाटी. आणि सुरुवातीला दुकानाचं नाव फिरतंय.

खानापूरकर: चोविसावं नक्की तुमचं आहे. पाटी कढईच्या शॉटवरच लावा. सुरुवातीसाठी दुसरी प्रत करा, पहिल्याच सेकंदाला खवा ढवळताना दाखवा, दोन्ही त्याच लोकांना, त्याच आठवड्यात. एक बेळगावात आणि एक निपाणीत चालवली तर फरक गावाचा की जाहिरातीचा ते कळणार नाही.

निपाणीकर: ‘गळती’ मला पटत नाही, शाळेतली पोरं आठवतात. ‘काढता पाय’ बरा.

वडगावची साडीवाली: पण काढता पाय माणूस संकोचून घेतो ओ, इथं तर बटण दिसायच्या आधीच बोट तयार असतंय. मला ‘उठून गेले’ बरं वाटालंय.

शहापूरकर: आलेखावर ‘इथे उठले’ लिहालोय. ‘टिकून पाहणारे’ मालकांना समजलं, सरासरीला मात्र अजून शब्द सापडला नाही, ‘सरासरी पाहणी’ म्हटलं की सर्वेक्षण वाटतंय.