'औदुंबर'मधला काळा डोह आणि बालकवींचा मृत्यू

केळीचं_पान: सेमिनारला बालकवींची 'औदुंबर' घेतलीये. ते 1918 साली भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेले, वय अवघं सत्तावीस. म्हणजे काळ्या डोहाकडे जाणारी पायवाट ही मृत्यूचीच वाट, असं लिहू का? सर म्हणाले, कवीच्या आयुष्यावरून अर्थ काढू नकोस. मग चरित्र वाचायचंच नाही का?

निळासावळा: सरांचं बरोबर आहे. कविता आठ ओळींची, त्यात रेल्वे नाही की भादली नाही. कवितेबाहेरचं काहीच आणायचं नाही, विषय संपला.

खानदेशी_वाचक: विषय कसला संपला? आमच्याकडचा माणूस होता तो, धरणगावात जन्मलेला. त्यांच्या इतर कवितांतही उदासी येते, ती आयुष्यातूनच आली ना? जगणं बाजूला ठेवून कविता वाचायची म्हणजे झाडाची मुळं कापून सावलीत बसायचं.

जुनी_वही: केळीचं_पान, आधी क्रम बघ. कविता आधी लिहिली, मृत्यू नंतर आला, त्यामुळे लिहिताना अपघात त्यांच्या मनात असूच शकत नाही, तो आपल्या मनात आहे कारण आपल्याला शेवट माहीत आहे. पण निळासावळा, बाहेरचं काहीच नको म्हणशील तर औदुंबर म्हणजे नुसतं उंबराचं झाड राहील. औदुंबराखाली दत्ताचं स्थान असतं हे कवीचं खाजगी गुपित नाही, तेव्हाच्या कुठल्याही मराठी वाचकाला माहीत होतं, आणि ते कळलं की 'पाय टाकुनी जळात बसला' मधलं झाड एकदम एखाद्या विरक्त माणसासारखं दिसायला लागतं. विम्सॅट आणि बिअर्ड्सली या समीक्षकांनी 1946 च्या लेखात हाच फरक केलाय, शब्दाला त्या काळात जो अर्थ होता तो वापरायला त्यांची हरकत नव्हती, कवीला काय म्हणायचं होतं ही कसोटी लावायला होती. बाहेरची गोष्ट आणलीस की ती घेऊन परत ओळींकडे जा आणि बघ कुठे अडतंय. मृत्यूचा अर्थ 'गोड काळिमा'पाशी अडतो. तिथे 'गोड' का आहे, याचं उत्तर तुझ्या पेपरात हवं.

सायलीची_आई: माझाच अनुभव सांगते. कॉलेजच्या अंकात बंद घरावर कविता दिली होती, सगळे म्हणाले आजी गेली म्हणून लिहिलीस. मी शेजारचं घर बघून लिहिली होती! पण आता वाचते तेव्हा मलाही त्यात आजीच दिसते, मग चूक कोणाची?

खानदेशी_वाचक: अपघाताचं मान्य, तो मागून चिकटवलेला आहे. पण त्यांची उदासी अपघाताच्या आधीची, तिला क्रमाची अडचण नाही. आणि ताई, हेच म्हणतोय मी, अर्थ माणसातूनच येतो.

जुनी_वही: ताईंच्या बाबतीत तर लिहिणारीचा हेतू एक आणि कविता दुसरंच सांगतेय, म्हणजे उलटच झालं. उदासीचं मात्र बरोबर, ती क्रमावर बाद होत नाही. पण मग वरची हिरवाळी, चिमुकलं गाव, शेतमळे एवढ्या प्रेमाने कशाला रंगवलेत?

केळीचं_पान: रेल्वे काढून टाकली. 'गोड'वर अडकलेय, रात्री परत वाचते.