प्रतिसाद: धुळीचे आकडे गावाला कसे सांगावेत

"पनवेलजवळ आमच्या गावाला लागून दगडखाण येतेय. खाणीच्या पर्यावरण अहवालाच्या सारांशात 'पीएम१०: सद्यस्थिती ८२, अपेक्षित वाढ ६' आहे. मराठीत कसं मांडू?"

आकडे जोडूनच लिहा: "श्वासातून आत जाणारी बारीक धूळ आज घनमीटर हवेत ८२ मायक्रोग्रॅम आहे. खाणीमुळे ती ८८ होईल. २४ तासांची मर्यादा १०० आहे."

पण ८२ मोजलेले, ६ मात्र संगणकाने वाऱ्यावरून काढलेला अंदाज, हे स्पष्ट लिहाच. मोजणी बहुधा पावसाळा सोडून एकाच ऋतूत होते, ते महिनेही द्या. अंदाजात रस्त्यावर रोज पाणी मारणं गृहीत असू शकतं. मूळ अहवालाचं चौथं प्रकरण बघा. तसं असेल, तर जनसुनावणीत विचारा: टँकर आला नाही, तर ६ चे किती होतात?