पातळ व्हॉइलच्या कॉलरला फ्यूजिंग की ऑर्गंडी? मदत हवी आहे

कॉटन व्हॉइलच्या ड्रेसला स्टँडची शर्ट कॉलर लावतेय. आधी न विणलेलं हलकं फ्यूजिंग चिकटवलं, तर पहिल्याच धुण्यात फोड आले. मग विणलेलं घेतलं, तेही आणि कापडही आधी भिजवून वाळवलं, ओलसर फडक्यावरून इस्त्री न सरकवता प्रत्येक जागी 12 सेकंद दाबली. फोड गेले, पण गोंदाचे ठिपके आरपार दिसतात आणि कॉलर पुठ्ठ्यासारखी झालीय. कमरपट्टीला मात्र हेच फ्यूजिंग झकास बसलं, ती बदलणार नाही.

ड्रेस मशीनमध्ये धुवायचाय. कॉलर उभी राहावी, कडक नको. म्हणून आता कापडाच्याच रंगाची ऑर्गंडी आत घालून शिवायचा विचार आहे. ती कॉलर आणि स्टँड दोन्हीत घालू की फक्त स्टँडमध्ये? आणि टोकं जाड होऊ नयेत म्हणून शिलाईच्या मार्जिनमधली ऑर्गंडी कापून टाकली, तर धुतल्यावर ती सुटून येईल का?