तिप्पट विक्री देणारी जाहिरात थांबवायची का?

नवी पेठ, चादरींचे दुकान: आमची आकडेवारी पाहणाऱ्या मुलाने लेखी कळवले आहे: "गेल्या महिन्यात इन्स्टाग्रामवरच्या डबलबेड चादरीच्या कॅम्पेनवर सर्वांत जास्त, म्हणजे ६०,००० रुपये गेले. डॅशबोर्डवर १५० ऑर्डर आणि १,८०,००० रुपयांची विक्री दिसते. तरीही ते थांबवावे, कारण १२० ऑर्डर सीओडीच्या होत्या आणि त्यांतली ४८ पार्सले परत आली." मला मालावर ४० टक्के सुटतात, म्हणजे खर्चाच्या अडीचपट विक्री झाली तरी भागते, इथे तर तिप्पट आहे. असे सल्ले देणाऱ्याला पगार कशाचा द्यायचा?

हिशेबाची वही: शेवटचे वाक्य वाचून राहवले नाही. ग्राहकाने ऑर्डर नोंदवली की डॅशबोर्ड ती विक्रीत धरतो. पुढे पार्सल दारातून परत फिरले तरी ती रक्कम आपोआप वजा होत नाही. आपल्या १५० पैकी १०२ ऑर्डर पोचल्या, म्हणजे विक्री १,२२,४०० रुपयांची झाली आणि त्यावर ४० टक्क्यांनी ४८,९६० रुपये सुटले. कुरिअरचे पार्सलमागे ८० रुपये धरले, तर जाण्याचे १२,००० आणि ४८ पार्सले परत येण्याचे ३,८४० रुपये त्यातून गेले. उरले ३३,१२०, आणि जाहिरातीला दिले ६०,०००. अडीचपटीचा नियम चुकीचा नाही, परंतु तो पोचलेल्या मालावर आणि कुरिअर वजा करून लावायचा असतो. त्या मुलाने आपले २६,८८० रुपये दाखवून दिले आहेत, पगार त्याचाच.

जोडभावी पेठ: वहीवाल्यांचे गणित बरोबर असेल, पण दुकान वहीत चालत नाही. मी एकदा अशीच सर्वांत मोठी जाहिरात बंद केली, तर पुढच्या महिन्यात गूगलवर आमचे नाव शोधून येणाऱ्या ऑर्डरही घटल्या. लोक चादर इन्स्टाग्रामवर पाहतात आणि आठवड्याने काउंटरवर येऊन घेतात. ती विक्री कोणत्या रकान्यात लिहिणार?

अक्कलकोट रोड, यंत्रमाग: मूळ दुखण्यावर कोणीच बोलत नाही. भौगोलिक मानांकन मिळूनही परगावची पातळ चादर "सोलापुरी" म्हणून निम्म्या भावात खपवली जाते. एकदा फसलेला ग्राहक आपलेही पार्सल परत करणारच. आमच्या मागावरच्या चादरीचे वजन हातात घेऊन पाहा, मग जाहिरातीचे बोला.

हिशेबाची वही: आपला संताप रास्त आहे, पण ही ४८ पार्सले कोणी उघडलीच नाहीत. ती दारातच नाकारली गेली किंवा पत्त्यावर कोणी सापडले नाही. न पाहिलेल्या चादरीचे वजन ग्राहकाला कसे कळले?

अक्कलकोट रोड, यंत्रमाग: फसलेला माणूस उघडण्याआधीच घाबरतो, एवढे समजण्यासाठी वही लागत नाही. तीस वर्षे माग चालवतो आहे.

हिशेबाची वही: तसे असेल तर ते तपासता येते. आगाऊ पैसे भरणाऱ्या ३० जणांपैकी एकाचेही पार्सल परत आलेले नाही, आणि चादर तीच होती. भीती असेलही, पण ती पैसे अडकलेले नसतात तेव्हाच जागी होते, हे मान्य करावे लागेल.

टॉवेल, घरगुती विक्री: माझ्याकडे तर उलट आहे, सीओडी बंद केल्यावर ऑर्डरच थांबल्या. शंभर रुपये आगाऊ घेऊन बाकी दारात घेणे सुरू केले, तेव्हा ऑर्डर कमी झाल्या पण परत येणाऱ्या फारच घटल्या. जाहिरात मात्र एक दिवसही थांबवली नाही.

हिशेबाची वही: यावर मी माझे मत थोडे बदलतो. दोष जाहिरातीचा की सीओडीचा, हे त्या टिपणावरून ठरत नाही. शिवाय सात दिवस किंवा अधिक थांबवलेले कॅम्पेन पुन्हा सुरू केले की त्याचे शिकणे, म्हणजे जाहिरात कोणाला दाखवावी हे ओळखणे, नव्याने सुरू होते, हा तोटा टिपणात यायला हवा होता. जोडभावींच्या शंकेसाठी असे करावे: जाहिरात कर्नाटक आणि तेलंगणात चार आठवडे थांबवावी, महाराष्ट्रात चालू ठेवावी, आणि वेबसाइट व फोन मिळून पोचलेल्या सगळ्या ऑर्डरींचे दोन्हीकडचे प्रमाण आधीच्या आठ आठवड्यांशी ताडून पाहावे. एक अडचण उरते. पन्नास ऑर्डरींमध्ये सात-आठांचा चढउतार काही न करताही होतो, म्हणून तेवढ्या फरकावरून निकाल देऊ नये.

जोडभावी पेठ: म्हणजे माझ्या घटलेल्या ऑर्डरीही आपोआप घटल्या असतील, असे सुचवता काय? बरे, असेल तसे. पण माझ्या काउंटरवर आलेला ग्राहक तुमच्या त्या तुलनेत कुठेच नाही.

हिशेबाची वही: नाही, हे खरे आहे. काउंटरवर "कुठे पाहिले?" असे विचारून वहीत लिहिण्याखेरीज मला तरी मार्ग दिसत नाही.

नवी पेठ, चादरींचे दुकान: एवढ्या विद्वानांनी माझे २६,८८० रुपये बुडवून दाखवले, त्याबद्दल आभारी आहे. लग्नसराईत मी जाहिरात बंद करणार नाही. मात्र उद्यापासून शंभर रुपये आगाऊ घेईन आणि कर्नाटकातली जाहिरात थांबवीन. तेलंगणात आमचे जुने गिऱ्हाईक आहे, तिथे हात लावायचा नाही. मुलाचा पगार या महिन्यात तरी देतो.