परदेशातली नातवंडं आणि मराठी: तुमचे अनुभव लिहा

मुलुंडची आजी: काल व्हिडिओ कॉलवर नातवाला विचारलं, जेवलास का रे, तर म्हणे "येस आजी, आय एट पास्ता". प्रश्न नीट कळला, उत्तर इंग्रजीत. तीन वर्षांचा होता तेव्हा आमच्या गॅलरीतून हाच ओरडला होता, "आजी, कावळा पोळी घेऊन गेला!" न्यू जर्सीत शाळा सुरू झाली आणि सहा महिन्यांत हे. भाची ह्यावर पेपर लिहितेय, नेमकं काय झालं ते लिहा.

स्वाती ठाणे: आमची मोठी छान बोलते, धाकटा अजिबात नाही. आईबाप तेच, घर तेच, पण मोठीने शाळेतून इंग्रजी घरी आणलं आणि दोघं आपसात तेच बोलतात. कुकर झाला, येते

पार्लेकर: इथे मुंबईत तरी कोण बोलतंय? आमच्या लिफ्टमध्ये सगळी पोरं हिंदी

विक्रोळीचा काका: दोन भाषांनी मुलं गोंधळतात, उशिरा बोलतात. मुलाला तिकडे डॉक्टरांनी तसं सांगितलं म्हणून त्यांनी मराठी बंद केलं.

दादरची मास्तरीण: काका, एकेका भाषेतले शब्द कमी दिसतात म्हणून तसं वाटतं, दोन्हीकडचे मिळून मोजा. खरा उशीर असेल तर दोन्ही भाषांत दिसतो, तेव्हा तपासून घ्यावंच, पण त्यासाठी घरची भाषा बंद करायची गरज नाही.
आजी, नुसतं ऐकून मूल बोलेलच असं नसतं. मुलांच्या भाषेच्या अभ्यासक अनिक डी हाउवर यांनी २००७ मध्ये बेल्जियममधल्या फ्लँडर्सच्या १,८९९ कुटुंबांबद्दल लिहिलंय, घरात दुसरी भाषा असूनही जवळपास पाव कुटुंबांत मुलं ती बोलत नव्हती. त्याने इंग्रजीत उत्तर दिलं की आपण काय करतो ते बघा. "काय म्हणालास?" विचारलं तर त्याला मराठी शोधावी लागते. "पास्ता खाल्लास होय?" असं आपणच मराठीत म्हटलं तर तो नुसतं हो म्हणून सुटतो. आणि तसंच पुढे गेलो तर त्याला कळतं की इंग्रजी चालतंय.

मुलुंडची आजी: अगं मी तर कायम पुढेच जाते! आज करून बघितलं. "लुक, माय टूथ फेल!" म्हणाला. मी म्हटलं, काय रे, नाही कळलं. थांबला, तोंडात बोट घालून दाखवलं, मग "आजी, माझी दात पडली". दुसऱ्यांदा पण बोलला. तिसऱ्यांदा फोन आईकडे देऊन पळाला

दादरची मास्तरीण: हो, फार ताणलं तर पळतात. आणि "माझी दात" वर हसू नका कोणी, तुम्ही फक्त "अरे, तुझा दात पडला?" म्हणा. लिंग शेवटपर्यंत चुकतं बऱ्याच जणांचं.

स्वाती ठाणे: आले. धाकटा "माझा नाक" म्हणाला तेव्हा इथली भावंडं खूप हसली होती, त्या सुट्टीत परत मराठी बोललाच नाही. तेव्हा तो पाच वर्षांचा होता, आता अकरा. आता उशीर झालाय का हो?

विक्रोळीचा काका: मुलाला आज विचारतो, नक्की काय म्हणाले होते डॉक्टर.