रिजन लॉक: अडचण टीव्हीची होती का?

जुनी_कार्ट्रिज: जपानमध्ये घेतलेली गेम त्याच कंपनीच्या अमेरिकी कन्सोलवर का चालत नसे? खरंच तांत्रिक कारण होतं, की मुद्दाम अडवायचे?

समीर५०: कारण टीव्हीचं. एनटीएससी टीव्ही सेकंदाला 60 वेळा चित्र रंगवायचा, युरोपातला पाल 50 वेळा. गेमचा वेग बहुधा त्यालाच बांधलेला असे. बदल न करता 50 वर चालवली, तर 60 सेकंदांची शर्यत 72 सेकंद रेंगाळते. असा माल गिऱ्हाइकाच्या हाती पडू नये म्हणून लॉक.

मृदुला: युरोपपुरतं बरोबर. पण जपान आणि अमेरिका दोन्हीकडे 60च होते, आणि प्रश्न त्यांचाच आहे. सुपर निन्टेन्डो घ्या. दोन्ही देशांची लॉक चिप एकच, अडवायचं ते निव्वळ प्लास्टिक. अमेरिकी कन्सोलच्या खाचेत दोन खुंट्या होत्या. अमेरिकी कार्ट्रिजला मागे त्यांच्यासाठी खोबणी असत, जपानीला नसत. लोकांनी पकडीने खुंट्या मोडल्या आणि जपानी गेम सुरू झाल्या, वेगही तोच.

पहिल्या प्लेस्टेशनने ही अडवणूक डिस्कवरच नेली. डिस्कच्या आतल्या कडेला ट्रॅक किंचित डुलतो आणि त्या डुलण्यातच चार अक्षरं लपलेली: जपानसाठी `SCEI`, अमेरिकेसाठी `SCEA`, युरोपसाठी `SCEE`. आपली अक्षरं सापडली नाहीत तर कन्सोल गेम सुरूच करत नसे. साध्या सीडी रायटरला हे डुलणं लिहिता येत नाही, त्यामुळे कॉपी केलेली डिस्क आणि परदेशातली अस्सल डिस्क एकाच तपासणीत अडकायच्या. मॉडचिप हीच अक्षरं बाहेरून पुरवायची. पैसे मोजून अस्सल डिस्क घेणाऱ्याला चोराच्या रांगेत उभं केलं, याचा मला आजही राग येतो.

फिरस्ता: लॉक अजून आहेच! मी परदेशातून आणलेली डिस्क चालली, पण माझ्या खात्यावरून घेतलेला जादा भाग तिला जुळेना.

मृदुला: तुमची डिस्क चालली, म्हणजे कन्सोलने अडवलं नाही. जादा भाग गेमच्या त्या-त्या प्रदेशातल्या आवृत्तीला बांधलेला असतो. डिस्क जिथली, तिथल्याच खात्यावरून घ्यावा लागतो.

वितरणवाला: राग समजतो, पण दुसरी बाजूही बघा. एकाच गेमचे हक्क जपानमध्ये एका प्रकाशकाकडे, युरोपात दुसऱ्याकडे असत. युरोपवाला भाषांतर करून घेणार, वयाचं प्रमाणपत्र मिळवणार, आणि त्याआधीच आयात प्रती विकल्या गेल्या तर त्याचा खर्च कसा निघणार?

मृदुला: मग गेम बॉयला लॉक का नव्हता? हक्क तर त्याच्याही गेमचे वाटलेले असत. आणि थ्रीडीएसचा पडदा स्वतःचा, टीव्हीचा संबंधच नाही, तरी 2011मध्ये त्याला लॉक आला. 2017च्या स्विचला पुन्हा नाही.

समीर५०: थ्रीडीएसचं मान्य, तिथे माझं टीव्हीचं कारण टिकत नाही.

वितरणवाला: स्विच आला तेव्हा बऱ्याच गेम जगभर एकाच दिवशी निघू लागल्या होत्या. आधी हे अंतर कित्येक महिन्यांचं असे. त्या महिन्यांत युरोपातल्या लहान प्रकाशकाने काय करायचं, याचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही.